पार्सल दारापर्यंत येतं, पुढे काय?

पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं कॉट बेसिसवर राहतात. दिवाळीच्या आधी गावाकडून त्यांची पार्सलं यायला लागली की जिन्याखाली डबे, खोकी आणि कापडात शिवलेली गाठोडी दिसू लागतात. मी अशाच एका इमारतीत राहते. वरचे मजले मुलींना भाड्याने दिलेले आहेत आणि पोस्टमनकाका बहुतेक वेळा आमचीच बेल वाजवतात. कोणतं पार्सल पाच मिनिटांत त्या मुलीच्या हाती जातं आणि कोणतं परतीच्या वाटेला लागतं, हे मला आता वरचा पत्ता वाचूनच कळतं.

गावातल्या घराच्या पत्त्यात नाव आणि दार एकमेकांना धरून असतात. आडनाव आणि आळी लिहिली तरी पोस्टमन घरात आणून देतो. खोलीवर राहणाऱ्या मुलीचं तसं नसतं. दार घरमालकाचं, नाव भाडेकरूचं, आणि हे नाव दरवर्षी बदलणारं. म्हणून असा पत्ता दोन माणसांसाठी लिहावा लागतो. एक म्हणजे पार्सल दारापर्यंत आणणारा. दुसरा म्हणजे ते दारात घेऊन आत योग्य हाती देणारा, मग तो घरमालक असो, वसतिगृहाचा वॉचमन असो की ऑफिसच्या गेटवरचा सुरक्षारक्षक. अडलेल्या पार्सलांवर बहुधा पहिल्यापुरताच मजकूर असतो.

दारापर्यंतचं काम मुख्यतः पिनकोड करतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिले तीन अंक पार्सल कोणत्या विभागात जाणार ते सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस ठरवतात. ४११ म्हणजे पुणे, ४११०३० म्हणजे सदाशिव पेठेचा भाग. गावाकडे मात्र 'पुणे' म्हटलं की अनेक जण सवयीने ४११००१ लिहून मोकळे होतात. मग पार्सल आधी कॅम्पातल्या मुख्य पोस्टात जातं आणि तिथून पुन्हा फिरवावं लागतं.

पेठेत शिरल्यावर दुसरी अडचण येते. इथले घर क्रमांक रस्त्याने ओळीने लागत नाहीत. एका वाड्याच्या शेजारच्या इमारतीचा क्रमांक शेकड्यांनी पुढचा असू शकतो. बीटवरच्या जुन्या पोस्टमनला ते पाठ असतं, त्याच्या जागी बदलीवर आलेल्याला नसतं. म्हणून खूण हवी, आणि तिला दिशाही हवी. 'भरत नाट्य मंदिराजवळ' या शब्दांत चार गल्ल्या मावतात. 'भरत नाट्य मंदिराच्या मागची गल्ली, डावीकडची दुसरी इमारत' यात एकच दार उरतं.

आता दाराच्या आतलं. आमच्या इमारतीपुरता नमुन्याचा पत्ता असा होईल (नावं अर्थातच कल्पित):

कु. सोनाली भीमराव जाधव
मार्फत श्री. कुलकर्णी (घरमालक)
खोली क्र. २, दुसरा मजला, इमारतीचं नाव
घर क्रमांक, सदाशिव पेठ
भरत नाट्य मंदिराच्या मागची गल्ली
पुणे ४११०३०
मोबाइल: सोनालीचा, दुसरा: रूममेटचा

इथे सगळ्यात जास्त काम 'मार्फत' ही ओळ करते. पोस्टमन सोनालीला ओळखत नाही, कुलकर्ण्यांना ओळखतो. ही ओळ नसेल तर खाली दार उघडणारा माणूस 'जाधव इथे कोणी राहत नाही' असं प्रामाणिकपणे सांगतो आणि पार्सल परत जातं. वडिलांचं नावही गाळू नये, कारण एका मजल्यावर दोन जाधव सहज असतात. दुसरा मोबाइल नंबर हवा, कारण अभ्यासिकेत बसलेल्या मुलीचा फोन दिवसभर सायलेंटवर असतो.

नंबराबाबत एक गोष्ट बुकिंगच्या खिडकीवरच बघावी. पाठवणारे वडील पुष्कळदा घेणाऱ्याच्या रकान्यातही स्वतःचाच नंबर सांगतात. ओटीपीची सेवा घेतली असेल तर ओटीपी गावात वाजतो आणि पोस्टमन पुण्यात जिन्याशी उभा राहतो.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर जो असेल त्याला दिलं जातं. रजिस्टरचा अर्थ होता त्याच व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाला देणं. ही सोय आता स्पीड पोस्टवर ५ रुपये आणि जीएसटी जास्त भरून घेता येते, ओटीपीची सोयही तेवढ्याच पैशांत मिळते. मूळ प्रमाणपत्रं पाठवायची असतील तर रजिस्टरची सोय जरूर घ्यावी. चकल्या-लाडवांसाठी मात्र ती घेऊ नये. मुलगी खोलीवर नसताना घरमालकाने डबा ठेवून घेणंच सोयीचं असतं.

कॉलेजच्या वसतिगृहात मालकाच्या जागी गेटवरचं रजिस्टर येतं. वॉचमन तारीख, नाव, खोली लिहून ठेवतो आणि संध्याकाळी सही घेऊन पार्सल देतो. इथे वसतिगृहाचा क्रमांक किंवा नाव आणि खोली क्रमांक तर हवाच, पण नव्या वर्षी खोल्या बदलतात तेव्हा जुना क्रमांक फसवतो. म्हणून सोबत शाखा आणि वर्ष लिहावं: 'मेकॅनिकल, तिसरं वर्ष'. खोली बदलली तरी एवढ्यावरून मुलगा सापडतो.

ऑफिसचा पत्ता सगळ्यांत फसवा. हिंजवडीला एकाच कंपनीच्या अनेक इमारती असतात, म्हणून फेज, इमारत, मजला आणि विभाग लिहावा लागतो. कर्मचारी क्रमांक असेल तर गेटवरून आत फोन लागतो. पण कित्येक कंपन्या खाजगी पार्सल गेटवर ठेवूनच घेत नाहीत, शनिवार-रविवारी घ्यायला कोणी नसतं, आणि रात्रपाळीचा माणूस दुपारी तिथे नसतोच. पाठवण्याआधी घेणाऱ्याला एवढंच विचारावं: तुमच्याकडे गेटवर पार्सल घेतात का? उत्तर 'नाही' असेल तर खोलीचाच पत्ता घ्यावा.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिन सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. नव्या वस्तीत इमारत शोधायला तो चांगलाच. पण त्या चौकोनावर चार मजले उभे असतात आणि प्रत्येक मजल्यावर आठ कॉट. मजला आणि नाव लिहावंच लागतं.

पार्सल अडलं तर ट्रॅकिंगवरचा शेरा वाचावा, म्हणजे कुठली ओळ कमी पडली ते बरंचसं कळतं. `Insufficient Address` दिसलं तर इमारत किंवा खूण अपुरी आहे. `Addressee cannot be located` दिसलं तर दार बहुधा सापडलं, पण आत ते नाव कोणाला माहीत नव्हतं, म्हणजे 'मार्फत' राहिलं. `Door Locked` असेल तर पत्ता ठीक आहे, वेळ चुकली. शेरा दिसताच पिनकोडवरून वाटप करणारं पोस्ट ऑफिस काढून तिथे पार्सलचा तेरा अक्षरी क्रमांक आणि ओळखपत्र घेऊन जावं. पार्सल परत पाठवण्याआधी बहुधा काही दिवस तिथे थांबलेलं असतं.

मुलांना एक विनंती आहे. खोली घेतली की त्याच दिवशी घरमालकाला विचारून, 'मार्फत'च्या ओळीसह पूर्ण पत्ता टाइप करून घरच्यांना पाठवा आणि खोली बदलली की जुना पुसायला सांगा. आईवडिलांनी तो खोक्यावर लिहावाच, शिवाय एका चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या आतही ठेवावा. वरचा कागद भिजला किंवा फाटला तरी आतली चिठ्ठी पाहून पार्सल पुढे जातं.