क्रियापद सापडलं, आता त्याचा धनी शोधा

बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना इंग्रजीचा पेपर सोडवताना मी शेजारी बसून पाहत असते. वाक्यातली चूक ओळखण्याचा प्रश्न आला की बहुतेकजण एकच गोष्ट करतात: वाक्य मनातल्या मनात दोन-तीनदा वाचतात आणि कुठे खटकतंय ते कानाला विचारतात. आयबीपीएसच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न असतात आणि त्यांना 20 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 40 सेकंद. उत्तर चुकलं तर पाव गुण कापला जातो. मराठी घरात, मराठी शाळेत वाढलेल्या मुलाचा कान अशा वेळी इंग्रजीची साक्ष देत नाही, तो मराठीचीच देतो. म्हणून मी त्यांना कान बाजूला ठेवायला सांगते आणि तपासणीचा एक ठरलेला क्रम देते: आधी क्रियापद, मग काळ दाखवणारा शब्द, मग जोडशब्द, शेवटी शब्दयोगी अव्यय. हा क्रम मोडायचा नाही.

क्रियापदाची पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून ती एका उदाहरणावर सावकाश पाहू. चार भागांत तोडलेलं हे वाक्य घ्या: ‘द लिस्ट ऑफ कस्टमर्स / हू हॅव नॉट सबमिटेड देअर डॉक्युमेंट्स / वेअर सेंट टु द मॅनेजर / ऑन मंडे.’ वाचताना काहीच खटकत नाही, कारण ‘वेअर’च्या अगदी आधी ‘डॉक्युमेंट्स’ आणि त्याच्या थोडं आधी ‘कस्टमर्स’ आहे. अनेकवचनामागे अनेकवचन, सगळं सुरळीत वाटतं. प्रश्न काढणाऱ्याने सापळा तिथेच लावलेला असतो.

आता क्रियापदांखाली रेघ मारा. ती दोन आहेत, ‘हॅव सबमिटेड’ आणि ‘वेअर सेंट’. प्रत्येकाचा धनी कोण? इथे आपली मराठी मदतीला येते. वाक्य मराठीत मांडा: ‘कागदपत्रं न दिलेल्या ग्राहकांची यादी सोमवारी व्यवस्थापकाकडे पाठवली गेली.’ पाठवली गेली काय? यादी. कागदपत्रं कुणी दिली नाहीत? ग्राहकांनी. म्हणजे ‘हॅव’ ग्राहकांचं, ते बरोबर. ‘वेअर’ यादीचं, आणि यादी एकच, तेव्हा तिथे ‘वॉज’ हवं. चूक तिसऱ्या भागात आहे.

असं का जमतं, हे मुलांना कळलं की ती ही पायरी विसरत नाहीत. इंग्रजीत मुख्य नाम आधी येतं आणि त्याचं शेपूट मागून, त्यामुळे क्रियापदाजवळ शेपटातलं भलतंच नाम येऊन बसतं. मराठीत शेपूट आधी येतं आणि मुख्य नाम त्याच्यानंतर. शिवाय ‘ग्राहकांची’ला प्रत्यय लागलेला असतो, त्यामुळे तो धनी नाही हे उघड दिसतं. ‘द नंबर ऑफ ॲप्लिकेशन्स’ म्हणजे अर्जांची संख्या, म्हणून एकवचन. ‘अ नंबर ऑफ ॲप्लिकेशन्स’ म्हणजे अनेक अर्ज, म्हणून अनेकवचन. ‘वन ऑफ द क्लार्क्स’ म्हणजे लिपिकांपैकी एक, म्हणून ‘हॅज’. पण ‘शी इज वन ऑफ द क्लार्क्स हू हॅव पास्ड’ मराठीत आणलं की ‘पास झालेल्या लिपिकांपैकी ती एक’ असं होतं. पास झालेले लिपिक अनेक आहेत, म्हणून इथलं ‘हॅव’ बरोबर आहे. हे दोन प्रकार सारखे समजून गुण घालवणारी मुलं फार आहेत.

या युक्तीला दोन मर्यादा आहेत. एक आदराची. ‘दोन लिपिकांसह व्यवस्थापक आले’ असं आपण म्हणतो, पण तिथलं अनेकवचन मानाचं आहे. इंग्रजीत ‘द मॅनेजर अलाँग विथ टू क्लार्क्स’च्या पुढे ‘हॅज कम’च येणार. दुसरी भूतकाळाची. ‘लिपिकाने अर्ज तपासले’ यात आपलं क्रियापद कर्त्याला सोडून अर्जांच्या मागे जातं. म्हणून कर्ता काम करतो आहे असं वाक्य असेल, तर ते वर्तमानकाळात म्हणून पाहावं: ‘लिपिक अर्ज तपासतो.’ धनी लगेच सापडतो.

पुढच्या तिन्ही पायऱ्यांवर मात्र मराठी उलट काम करते, तिथे तिच्यापासून सावध राहायचं. काळाच्या पायरीवर आपला ‘पासून’ घात करतो. ‘ती 2019पासून इथे काम करते आहे’ आणि ‘ती पाच वर्षांपासून इथे काम करते आहे’, दोन्हीकडे आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीला दोन लागतात. कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशा क्षणासाठी ‘सिन्स’, मोजता येईल अशा मुदतीसाठी ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ चूक. आणि ‘करते आहे’ म्हणायच्या सवयीने ‘शी इज वर्किंग हिअर सिन्स 2019’ हेही बरोबर वाटतं, तिथे ‘हॅज बीन वर्किंग’ हवं. ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसला की लगेच मागे जाऊन क्रियापद पाहायचं.

जोडशब्दांत गोष्ट छोटी आहे. जरी म्हटलं की तरी आल्याशिवाय आपलं वाक्य पुरं होत नाही, म्हणून ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ आलं तरी आपल्याला काही वाटत नाही. इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरतं. ‘ऑल्दो’शी ‘यट’ची जोडी मात्र परीक्षेत चालते, ती चूक म्हणून खूण करू नका.

शब्दयोगी अव्ययांत नियम कमी आणि पाठांतर जास्त. विषयावर चर्चा करतो म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’, तिच्याशी लग्न करतो म्हणून ‘मॅरीड विथ’, खोलीत शिरतो म्हणून ‘एंटर्ड इन द रूम’. या तिन्ही क्रियापदांना अशा वाक्यांत मध्ये काहीच लागत नाही. ‘पेक्षा’चंही तसंच. ‘सुपीरियर’, ‘ज्युनिअर’ आणि ‘प्रिफर’ यांच्यापुढे ‘दॅन’ नाही, ‘टु’ येतो.

चारही पायऱ्या झाल्या आणि काही सापडलं नाही, तर ‘नो एरर’वर खूण करून पुढे जावं. हा पर्याय मुलांना फसवा वाटतो, म्हणून ती बरोबर वाक्यात चूक उकरत बसतात. त्यावर मी एकच अट घालते: ज्या भागाला चूक म्हणायचं, त्याच्या जागी काय हवं तो नेमका शब्द सांगता आला पाहिजे. ‘वेअर’च्या जागी ‘वॉज’, ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’. नुसतं ‘इथे काहीतरी विचित्र वाटतंय’ म्हणून खूण करायची नाही.

सराव चाचणी झाल्यावर माझी एक विद्यार्थिनी दोनशे पानी वहीत तीन रकाने आखायची. पहिल्यात चुकलेला वाक्याचा तुकडा, दुसऱ्यात दुरुस्ती आणि तिसऱ्यात तिला फसवणारा मराठी शब्द. महिनाभरानंतर तिसरा रकाना आम्ही दोघींनी मिळून वाचला. ‘पासून’, ‘पेक्षा’, ‘शी’, ‘वर’, ‘जरी-तरी’ हेच पुन्हा पुन्हा आले होते. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिने ते पाच शब्द लाल शाईने लिहिले आणि पुढची चाचणी लावली.