दूध आटलं नाही, भूक वाढली

सहा आठवड्यांचं बाळ. रात्री दोन-तीनदा उठणारं ते एकाएकी तासातासाला अंगावर प्यायला मागतं, खाली ठेवलं की पुन्हा रडतं. घरातलं कुणीतरी म्हणतंच, "दूध पुरत नाहीये गं त्याला, वरचं दे." घोळ होतो तो इथेच.

बाळाची भूक अधूनमधून अशी उसळते. बहुधा दोन-तीन आठवड्यांचं, सहा आठवड्यांचं आणि तीन महिन्यांचं असताना. अर्थात बाळं कॅलेंडर बघत नाहीत. स्तन जितके वारंवार रिकामे होतील, तितकं दूध जास्त तयार होतं. म्हणजे ते सारखं पिणं हीच वाढीव दुधाची मागणी असते. बाटली दिली की बाळ अंगावर कमी पितं आणि दूध वाढायचं राहून जातं. पाजत राहिलं तर दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात बाळ पुन्हा पूर्वीसारखं झोपू लागतं.

दूध पुरतंय का, हे लंगोटांवरून कळतं: दिवसरात्रीत सहा तरी चांगले ओले हवेत. लघवी कमी झाली, ताप आला किंवा बाळ सुस्त पडून प्यायचंच थांबलं, तर ही वाढीची भूक नव्हे; लगेच डॉक्टर गाठावा.