परीक्षेतील गणकयंत्र: मर्यादा आणि मर्म

विचुंबे-पनवेल परिसरातील व्यापारी घरात एक मूल सी.ए.चा आणि दुसरे अभियांत्रिकी पदविकेचा अभ्यास करीत असेल, तर दोघांना एकच गणकयंत्र पुरेल, असे वडीलधाऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तसे होत नाही.

सी.ए.च्या परीक्षेत बॅटरीवर चालणारे, स्वतःचे साधे गणकयंत्र चालते. त्यात फार तर 6 क्रिया, 12 अंक आणि 2 स्मृती असाव्यात, अशी संस्थेची मर्यादा आहे. म्हणजे दुकानाच्या गल्ल्याजवळ असते तसेच यंत्र. पदविकेच्या प्रश्नपत्रिकेवर मात्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ ‘नॉन-प्रोग्रॅमेबल’ गणकयंत्रास परवानगी असल्याचे छापते. अभियांत्रिकीत कोन, घातांक व लॉगॅरिदम पदोपदी लागतात. म्हणून तेथे सायंटिफिक यंत्र वापरता येते. ‘गेट’ परीक्षेत तर स्वतःचे यंत्र नेताच येत नाही. संगणकाच्या पडद्यावरच ते दिलेले असते.

साध्या यंत्राने सी.ए.चे काम भागते का? एक उदाहरण पाहू. पुढील 5 वर्षे, प्रत्येक वर्षअखेर 10,000 रुपये मिळणार आहेत आणि व्याजदर 10 टक्के आहे. या रकमांचे आजचे मूल्य काढायचे आहे. बहुतेक साध्या यंत्रांवर पुढील कळा दाबाव्यात:

```
1 ÷ 1.1 = = = = =
```

काही यंत्रांत 1.1 नंतर भागाकाराची कळ दोनदा दाबून मग 1 आणि बरोबरचे चिन्ह दाबावे लागते. पडद्यावर क्रमाने 0.9091, 0.8264, 0.7513, 0.6830 व 0.6209 हे गुणक येतात. `GT` ही कळ त्यांची बेरीज 3.7908 दाखविते, म्हणून उत्तर सुमारे 37,908 रुपये. आकडेमोड यंत्राने केली, पण कोणत्या दराने आणि किती वेळा भागायचे, हे विद्यार्थ्यानेच ठरविले.

प्रोग्रॅमेबल यंत्रात नेमका हाच विचार आधी साठविता येतो. वर्षे, रक्कम व दर भरताच ते उत्तर देते. शिवाय सूत्रे व टिपणे लपवून आत नेता येतात आणि प्रश्न टिपून बाहेरही आणता येतात. अशा वेळी परीक्षा विद्यार्थ्याची न राहता यंत्राची होते. प्रत्येकाची स्मृती तपासणे पर्यवेक्षकांना शक्य नसते. म्हणून तो प्रकारच वर्ज्य केला जातो.

खरेदी करताना `PRGM` किंवा `PROG` ही कळ, आलेख काढण्याची सोय अथवा संगणकाला जोडण्याची खाच दिसली, तर ते यंत्र परीक्षेसाठी घेऊ नये. केवळ `ALPHA` कळ दिसली म्हणून मात्र यंत्र प्रोग्रॅमेबल ठरत नाही. सी.ए.च्या परीक्षागृहात यंत्राची उसनवारी चालत नाही. तेव्हा सरावातील यंत्रच, बॅटरी तपासून, सोबत न्यावे आणि त्या सत्राच्या प्रवेशपत्रावरील सूचना आधी वाचाव्यात.