जुना ओरखडा, नवं बिल

गोव्यात सेल्फ-ड्राइव्ह गाडी परत देताना हा प्रसंग हमखास येतो. समजा, पाच हजारांचं डिपॉझिट दिलंय. कंपनीचा माणूस मागच्या बंपरपाशी वाकतो आणि स्क्रॅचचे साडेतीन हजार कापतो. ओरखडा आधीपासूनचा असतो, पण विमान गाठायचं असतं, म्हणून माणूस पैसे सोडून देतो. मुळीच सोडू नयेत.

गाडी ताब्यात घेताना आपण सही केलेलं तपासणी पत्रक आधी काढा. त्यावर गाडीचं रेखाचित्र असतं आणि जुन्या खुणांवर फुल्या मारलेल्या असतात. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर फुली असेल, तर कंपनीनेच तो ओरखडा लिहून दिलाय. अडचण होते ती नुसतं 'किरकोळ स्क्रॅचेस' लिहिलेलं असलं की. मग कंपनी म्हणते, ते वेगळे, हा वेगळा.

अशा वेळी फोटो उपयोगी पडतो, पण तो तुलना करता येईल असा हवा. ओरखडा रिफ्लेक्टरपासून दोन बोटं वर, तिरका, उजव्या टोकाला फाटा फुटलेला आणि खाचेत कुठल्यातरी खांबाचा पिवळा रंग: हे सगळं दोन्ही वेळच्या फोटोंत जुळलं, तर तो नवा कसा ठरणार? जवळचा फोटो एकटा पुरत नाही. नंबरप्लेटसह कोपरा दिसणारा दुसराही लागतो. ओल्या किंवा धुळीने माखलेल्या गाडीवर बारीक ओरखडे दिसतच नाहीत, म्हणून तो भाग आधी पुसून घ्यावा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि फोटो काढल्याची वेळ त्यातून निघून जाते. ईमेलला मूळ फाइलच जोडा.

परतीच्या कागदावर सही मागितली, तर सहीच्या वर 'ओरखडा जुना, कपात अमान्य' असं लिहा. नंतरच्या ईमेलमध्ये पत्रक आणि दोन्ही फोटो जोडून तीन गोष्टी मागा: आधीच्या ग्राहकाने गाडी परत केली तेव्हाचे फोटो, या गाडीच्या नंबरचं दुरुस्तीचं बिल आणि रक्कम कशी काढली त्याचा तपशील. माझ्या मते दुरुस्तीच्या बिलाचा मुद्दा सगळ्यांत जोरकस आहे. बंपर रंगवायचाच नसेल, तर पैसे कशाचे?

पत्रकावर फुली नाही आणि त्या कोपऱ्याचा फोटोही नाही, तर मात्र बाजू लंगडी पडते, हे मान्य करायला हवं.

उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे तडजोडीचा प्रयत्न होतो, निकाल मात्र मिळत नाही. निकालासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानुसार ही तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे पुण्याच्या माणसाला गोव्यात खेटे घालावे लागत नाहीत. एवढ्या रकमेला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.