बादलीतलं पाणी आणि फरशी

लादी पुसताना मळ नाहीसा होत नाही, तो बादलीत जातो. सुती फडक्याची किंवा स्पिन मॉपची खरी अडचण हीच. दुसऱ्या खोलीपर्यंत पाणी गढूळ होतं आणि पुढे तोच मळ पातळ होऊन फरशीवर पसरतो. वाळल्यावर धूसर पट्टे दिसले की ओळखावं. स्पिन मॉप छान पिळला जातो, फरशी लवकर वाळते, पण बहुतेकांत धुण्या-पिळण्याचं पाणी एकच. शिवाय ती बादली छोट्या मोरीत जागा अडवते.

वन-बीएचकेत मला सपाट मॉप पटतो. मायक्रोफायबरची तीन-चार कापडं आधीच ओलवून पिळून ठेवावीत, प्रत्येक खोलीला नवं लावावं. बादली लागतच नाही. मात्र कापडं धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा, त्याने तंतूंची शोषणशक्ती घटते. कोपऱ्यातल्या चिकट डागाला मात्र हातातलं फडकंच हवं.