कर्ता कधी गाळता येतो?

‘उद्या येईन’ एवढं म्हटलं की कोण येणार हे वेगळं सांगावं लागत नाही. शाळेच्या व्याकरणात अशा कर्त्याला अध्याहृत म्हणतात. इंग्रजीत मात्र ‘आय’ गाळून हे वाक्य सहसा उभं राहत नाही. कोणत्या भाषेत आणि कोणत्या वाक्यात कर्ता गाळता येईल, हे आधीच सांगता येईल का, या प्रश्नावर भाषाशास्त्रज्ञ गेली पन्नासेक वर्षं काम करत आहेत.

त्यांचं पहिलं उत्तर क्रियापदाच्या प्रत्ययांत होतं. इटालियनमध्ये वर्तमानकाळात बोलण्याच्या क्रियापदाची सहा रूपं होतात आणि सहाही वेगळी. इंग्रजीत उरतात फक्त दोन, ‘स्पीक’ आणि ‘स्पीक्स’. म्हणून इटालियन माणूस कर्ता गाळतो, इंग्रज गाळत नाही. हिब्रूत तर हा फरक एकाच भाषेत दिसतो. भूतकाळातलं ‘काताव्ती’ म्हणजे ‘मी लिहिलं’. ‘मी’ प्रत्ययातच आहे, त्यामुळे सर्वनाम गाळलं तरी चालतं. वर्तमानकाळातल्या ‘कोतेव’मध्ये फक्त लिंग आणि वचन कळतं, मी-तू-तो कळत नाही, तिथे सर्वनाम सहसा ठेवावंच लागतं.

हाच निकष मराठीला लावून पाहू. भविष्यकाळात आपण इटालियनच्या पंक्तीत बसतो: करीन, करशील, करील, करू, कराल, करतील. सहा रूपं, सहाही वेगळी. वर्तमानकाळात गोंधळ सुरू होतो, कारण ‘करतो’ हे रूप ‘मी’, ‘तो’ आणि ‘आम्ही’ या तिघांनाही चालतं. आणि भूतकाळातल्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याकडे जवळजवळ पाठच फिरवतं. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं: रूप बदलतं ते खाणाऱ्यामुळे नव्हे, खाल्लेल्या वस्तूमुळे. कर्त्याची खूण राहते ती फक्त द्वितीय पुरुषात, ‘खाल्लास’मधल्या ‘स’मध्ये आणि ‘खाल्लात’मधल्या ‘त’मध्ये. मी, आम्ही, त्याने, तिने, त्यांनी या सगळ्यांना ‘खाल्ला’च.

म्हणजे सगळं प्रत्ययांवरच असतं, तर ‘आंबा खाल्ला’ या वाक्यात कर्ता गाळता यायला नको होता. आपण तर तो सर्रास गाळतो. चिनी भाषा आणखी पुढे जाते. तिथे क्रियापदाला पुरुष-वचनाचे प्रत्ययच नाहीत, तरी कर्ता गाळला जातो. १९८४ साली भाषाशास्त्रज्ञ जेम्स हुआंग यांनी या पेचाचं उत्तर दिलं: काही भाषांत गाळलेला शब्द क्रियापदावरून नव्हे, तर बोलण्याचा विषय काय चालला आहे त्यावरून ओळखला जातो. मराठीत या दोन्ही सोयी आहेत. प्रत्यय जिथे तोकडा पडतो तिथे संदर्भ भार उचलतो.

तो कुठवर उचलतो हे पाहण्यासारखं आहे. आई फोनवर विचारते, ‘दादा पोचला का?’ उत्तर येतं, ‘पोचला. आंघोळ केली, जेवला, आता झोपलाय.’ ‘केली’ हे रूप आंघोळीमुळे आलं आहे, दादाचा त्यात मागमूस नाही. पण बोलणं दादाचंच चाललं आहे, त्यामुळे अडत नाही. आता उत्तर थोडं बदलू: ‘पोचला. काकांनी गाडी पाठवली होती. पैसे दिले.’ पैसे कोणी दिले? मधे काका आले आणि एका जागेचे दोन दावेदार झाले. ‘दिले’ हे रूप पैशांचं असल्यामुळे ते काहीच निवाडा करत नाही. इथे ‘दादाने’ किंवा ‘काकांनी’ म्हणावंच लागतं. हेच भविष्यकाळात पाहा. ‘पैसे देईल’ म्हटलं तर दादा, ‘पैसे देतील’ म्हटलं तर काका. दावेदार दोनच असले तरी प्रत्ययाने निकाल लावला.

थोडक्यात, संदर्भात एकच उमेदवार असेल तर कर्ता कुठल्याही काळात गाळता येतो. उमेदवार दोन झाले की प्रत्ययाची परीक्षा होते, आणि कर्मणी प्रयोग त्यात नापास होतो.

एक जागा मात्र दोन्ही सोयींच्या पलीकडची आहे. ‘हे कोणी केलं?’ या प्रश्नाला नुसतं ‘केलं’ हे उत्तर होत नाही. ‘उद्या कोण येईल?’ याला नुसतं ‘येईन’ म्हटलं तरी ते अपुरंच वाटतं, जरी प्रत्ययात ‘मी’ स्पष्ट आहे. कर्ता हीच नवी माहिती असेल किंवा ‘तो नाही, मी’ असा विरोध दाखवायचा असेल, तेव्हा कर्ता उच्चारावाच लागतो. इटालियनमध्येही हेच घडतं.

म्हणून सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त किंवा तक्रार अर्ज लिहिताना ‘आक्षेप घेतला’, ‘रक्कम भरली’, ‘कागद दिले’ अशी वाक्यं पुन्हा तपासा. बोलताना समोरचा माणूस लगेच ‘कोणी?’ असं विचारू शकतो. कागद वाचणाऱ्याला ती सोय नसते. तिथे कर्ता लिहाच.