पोत्याला शिवलेली चिठ्ठी

दुकानात गोळी पेंडीची दोन पोती शेजारी उभी आहेत. दोन्ही पन्नास किलोंची. पहिलं 1,500 रुपयांचं, प्रथिनं 20 टक्के. दुसरं 1,600 रुपयांचं, प्रथिनं 22 टक्के. दारात दोनच गाई असलेला माणूस बहुधा पहिलं उचलतो. हिशेब करून पाहू. पहिल्यात दहा किलो प्रथिनं आहेत, म्हणजे किलोला 150 रुपये पडले. दुसऱ्यात अकरा किलो, म्हणजे सुमारे 145. महाग वाटणारं पोतं इथं स्वस्त निघालं.

पण एवढ्यावर निर्णय घेऊ नये. चिठ्ठीवरचं ‘क्रूड प्रोटीन’ प्रत्यक्ष प्रथिनं मोजून काढत नाहीत. खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. युरियात नायट्रोजन 46 टक्के असतो. त्यामुळे शंभर किलो खाद्यात एक किलो युरिया घातला, तरी चिठ्ठीवरचा आकडा जवळजवळ तीनने चढतो. पोटातले जंतू थोड्या युरियाचं प्रथिन करू शकतात, पण त्याला पेंडीची सर नाही. लहान वासरांना तर युरियाचं खाद्य देऊच नये. म्हणून युरियाचा उल्लेख आहे का, ते आधी शोधावं.

मग आणखी दोन ओळी वाचाव्यात. ‘क्रूड फायबर’ जास्त असेल तर तूस-भुसा जास्त. ‘आम्लात न विरघळणारी राख’ म्हणजे मुख्यतः माती आणि रेती. हे दोन्ही आकडे जितके कमी, तितकं बरं. शंका आली तर मूठभर खाद्य काचेच्या पेल्यात पाण्यात भिजवून ढवळावं. तळाशी रेती बसली तर ती डोळ्यांना दिसते, बोटांना कचकचते.

खनिज मिश्रणात फसगत वेगळी होते. पुडीवर कॅल्शियमचा आकडा मोठा छापलेला असतो, कारण चुनखडी स्वस्त मिळते. महाग असतो तो फॉस्फरस. भारतीय मानकात मीठविरहित मिश्रणासाठी कॅल्शियम किमान 20 टक्के आणि फॉस्फरस किमान 12 टक्के ठरवलेला आहे. गाईला रोज 50 ग्रॅम मिश्रण दिलं, तर त्यातून सहा ग्रॅम फॉस्फरस मिळतो. पाच टक्क्यांच्या पुडीतून अडीचच ग्रॅम मिळेल. गाय वेळेवर माजावर येत नसेल किंवा गोठ्यात चिंध्या, माती, हाडं चघळत असेल, तर फॉस्फरसच्या कमतरतेचा संशय घ्यावा आणि डॉक्टरांना दाखवावं. त्याखाली जस्त, तांबं, आयोडीन, कोबाल्ट यांचे आकडे आहेत का, हेही पाहावं. नुसत्या कॅल्शियमची बाटली म्हणजे खनिज मिश्रण नव्हे.

चिठ्ठीच नसलेलं किंवा आकडे खोडलेलं पोतं कितीही स्वस्त असलं, तरी घेऊ नये. घेतलेल्या पोत्याची चिठ्ठी पोतं संपेपर्यंत जपून ठेवा. दूध घटलं तर दुकानदारासमोर धरायला तीच लागते.